तीन गिऱ्हाइकांच्या ओढाताणीत सापडलेली डाळ मिल

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात कपाशी आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात. डिसेंबर संपता संपता तूर कापणीला येते आणि फेब्रुवारीपर्यंत घराघरांत पोती लागतात. या पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या डाळ मिलचे हे प्रकरण आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ही मिल एकच नाही. वऱ्हाडात अशा मिल जागोजागी आहेत. त्यांच्या अडचणींवरून हे प्रकरण बांधले आहे आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल केले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे: यंत्र चालते, माल विकला जातो, गिऱ्हाईक नावे ठेवत नाही, तरी वर्षाअखेर हातात काही उरत नाही. असे का होते?

मायकेल पोर्टर यांनी 1980 मध्ये स्पर्धेचे तीन मूळ मार्ग मांडले. सगळ्या बाजारात सर्वांत कमी खर्चात माल तयार करणे हा पहिला. गिऱ्हाईक आनंदाने जास्त पैसे मोजेल असे वेगळेपण मालात आणणे हा दुसरा. सगळ्या बाजाराचा नाद सोडून एका ठरावीक गिऱ्हाइकाचेच काम करणे हा तिसरा, आणि त्यातही त्या गिऱ्हाइकापुरते स्वस्त तरी व्हावे लागते किंवा वेगळे तरी. यांपैकी एकही मार्ग धड न धरणारा उद्योग मध्येच अडकतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या डाळ मिलकडे पाहिले की हे अडकणे नेमके कुठे होते ते कळते.

तुरीपासून डाळ होते कशी हे आधी थोडक्यात सांगतो, कारण सगळे गणित तिथेच आहे. तूर चाळून खडे-काडीकचरा काढतात. मग एमरीच्या रोलरमधून एकदा फिरवून टरफलाला ओरखडे पाडतात. त्यावर तेलाचा हात देऊन माल रात्रभर ढिगात ठेवतात आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. नंतर पाण्याचा हबका देऊन, मुरवून, पुन्हा रोलरवर घेतात. तेव्हा टरफल सुटते आणि दाणा फुटून डाळ होते. सोबत चुनी, खंडा आणि कोंडा निघतो. तो जनावरांच्या खाद्यात जातो आणि त्याला डाळीच्या मानाने फार कमी भाव मिळतो. म्हणजे एका क्विंटल तुरीतून डाळ किती आणि चुनी किती, यावर मिलचे नशीब ठरते. मिलवाले याला उतारा म्हणतात.

आता अकोल्याकडे बघा. अकोला हे डाळ मिलचे जुने ठाणे. तिथली मोठी मिल वर्षभर चालते. आपल्याकडची तूर संपली की कर्नाटकची घेते, बंदरावर उतरलेली म्यानमार किंवा मोझांबिकची घेते. तिच्याकडे ड्रायर असतो, रंग ओळखून दाणा वेगळा काढणारे सॉर्टेक्स यंत्र असते, प्रत्येक टप्प्यावर मुरलेला मिस्त्री असतो. समजा तूर 7,000 रुपये क्विंटल आहे आणि तिचा उतारा 74 किलोचा आहे. चुनी-कोंडा 24 किलो निघतो, तो सरासरी 20 रुपयांनी गेला तर 480 रुपये परत येतात. प्रक्रियेचा खर्च क्विंटलमागे 250 रुपये धरला, तर एक किलो डाळ तिला साधारण साडेएक्क्याण्णव रुपयांना पडते. ती 95 ला विकते. नफा किलोमागे थोडाच, पण पोती हजारोंनी.

आमची मिल सभासदांना बाजारभावापेक्षा 100 रुपये जास्त देते, म्हणजे तूर 7,100 ला घेते. प्रक्रियेला क्विंटलमागे 500 रुपये लागतात. उतारा 68 किलोचा. चुनी-कोंडा 29 किलो म्हणजे 580 रुपयांचा. भागाकार केला की डाळ 103 रुपये 20 पैसे किलोला पडते. अकोल्यापेक्षा पावणेबारा रुपये महाग.

संचालकांची समजूत अशी होती की ही तफावत मजुरीची, विजेची आणि सभासदांना दिलेल्या जादा भावाची आहे. म्हणून दोन मजूर कमी केले. पण हिशेब उलगडून बघा. तूर 7,100 ला, प्रक्रिया 500 रुपयांना, सगळे तसेच ठेवा आणि उतारा तेवढा 68 वरून 74 करा. डाळ सव्वाशहाण्णवला येते. म्हणजे पावणेबारांतले सात रुपये एकट्या उताऱ्याचे आहेत. मजूर कमी केल्याने तफावत वाढली असणार, कारण वाळवणीत तूर वेळेवर खालीवर केली नाही की ओल सारखी राहत नाही, अर्धवट ओला दाणा रोलरखाली चिरडतो आणि त्याची चुनी होते. ओट्यावरचा माल हातात घेऊन दाताखाली दाणा फोडला की हे लगेच समजते: वाळलेला कडक आवाज करून दुभंगतो, ओला दबतो.

खर्चात आघाडी घ्यायची म्हणजे काय, हे यातून दिसते. नुसती काटकसर करून ती मिळत नाही. ड्रायर, वर्षभराची तूर, ती विकत घ्यायला कोट्यवधींचे भांडवल आणि दिवसरात्र चालणारे यंत्र, हे सगळे एकत्र असेल तर ती आघाडी मिळते. आमची मिल जानेवारी ते मे जोरात चालते आणि पावसाळ्यात वाळवणी नसल्याने थांबते. तिने 95 च्या भावाशी दोन हात करायला जाणे म्हणजे पहिल्या पोत्यापासून तोटा.

मग ती तिथे गेलीच कशी?

सुरुवात चांगली होती. पहिल्या हंगामात मिल दोनच कामे करायची. सभासदांची तूर मजुरीवर भरडून द्यायची आणि थोडी तूर घेऊन, पॉलिश न करता, पाकिटात भरून यवतमाळ-नागपूरच्या ओळखीच्या घरांत आणि महोत्सवांत विकायची. भाव 135 रुपये किलो. लोक आनंदाने घ्यायचे, कारण वरण लवकर शिजायचे आणि चव गावाकडची लागायची.

दुसऱ्या हंगामात सभासदांनी आग्रह धरला की कंपनी आमची आहे तर आमची सगळी तूर कंपनीनेच घ्यावी. मागणी रास्त होती. पण एवढी डाळ 135 ने घेणारी घरे नव्हती. माल तुंबला तसे सचिव दारव्ह्याच्या किराणा दुकानांत नमुना घेऊन गेले. दुकानदाराने मूठभर डाळ कागदावर पसरली, शेजारी अकोल्याची फटका डाळ ठेवली. एक पिवळीधमक चकचकीत, दुसरी फिकी, पिठूळ.

“भाऊ, तुमची दाय खायले चांगली हाय, मी घरी नेतो. पण गिऱ्हाईक डोयानं घेते. पॉलिश करून आणा, भावात उतरा, मंग पाहू,” तो म्हणाला.

हा सल्ला दुकानदाराच्या बाजूने खरा होता. मिलने कर्ज काढून पॉलिशर घेतला. भाव 106 वर आणला. तेवढ्यात एका वसतिगृहाच्या पुरवठ्याची निविदा निघाली, ती मिळवण्यासाठी भाव आणखी खाली गेला. निविदेसाठी माल कमी पडला तेव्हा बाजार समितीतून मिळेल ती तूर उचलली. दुकानदार म्हणाले फक्त तूर डाळ घेऊन येणाऱ्याची गाडी परवडत नाही, म्हणून हरभरा डाळ सुरू झाली, मागोमाग बेसन आणि हळदीची पाकिटे. प्रत्येक पाऊल त्या दिवशी शहाणपणाचेच वाटले. बैठकीच्या इतिवृत्तात प्रत्येकाला सबळ कारण लिहिलेले सापडेल. मध्येच अडकणारा उद्योग एका चुकीच्या निर्णयाने सहसा अडकत नाही. तो अशा रास्त वाटणाऱ्या, पण वेगवेगळ्या दिशांच्या निर्णयांनी अडकतो.

ओढाताण प्रत्यक्ष कुठे होते हे बघायचे असेल तर वाळवणीच्या ओट्यावर जावे. मिलची खरी मर्यादा रोलरची नाही, या ओट्याची आहे. मार्चमध्ये ओट्यावर निविदेची 80 क्विंटल तूर पसरलेली. कडेला, ताडपत्रीच्या तुकड्यावर, एका सभासद बाईंची घरच्या खाण्याची 60 किलो. मोठा ढीग सरकवताना तिच्यात दोन फावडी इकडचा माल मिसळला. मजुराच्या लेखी तूर ती तूर. बाई डाळ न्यायला आल्या, पोते उघडून पाहिले आणि तिथेच थांबल्या.

“दादा, माही तूर बारीक लाल होती. हे टपोरी दाय कोनाची हाय? मले माह्याच तुरीची दाय पायजे.”

त्यांना वजन बरोबर मिळाले होते. डाळही वाईट नव्हती. पण त्या ज्यासाठी पैसे देतात ती गोष्ट वेगळी होती: माझ्या वावरातली तूर, मीच खाणार, मुलीच्या घरी पाठवणार. अकोल्याची मिल 60 किलोसाठी यंत्र लावत नाही. म्हणजे या गिऱ्हाइकाची गरज बाकी बाजारापेक्षा खरोखर निराळी आहे आणि मोठ्याला ती पुरवणे परवडत नाही. तिसरा मार्ग चालण्यासाठी नेमकी हीच अट लागते. नुसते लहान गिऱ्हाईक निवडले म्हणजे ती पुरी होत नाही. त्याला वेगळे काही हवे असले पाहिजे. मिलच्या हातात असे गिऱ्हाईक होते आणि निविदेच्या ढिगापायी ते निसटत होते. पुढच्या हंगामात त्या बाई शेजारच्या गावात बचतगटाने बसवलेल्या मिनी डाळ मिलवर गेल्या.

नागपूरच्या गिऱ्हाइकाचेही तेच झाले. पाकिटातल्या डाळीबद्दल तक्रार आली की वरणात काही डाळ विरघळते आणि काही दाण्यासारखी तशीच राहते. कारण सरळ होते. बाजार समितीतली तूर नाना वाणांची, नाना वावरांची, काही गेल्या वर्षीची. एका कुकरमध्ये दोन-तीन वेळांना शिजणारी डाळ. जो 135 रुपये देतो तो याच खात्रीसाठी देतो. ती एकदा गेली की पाकिटावर सूर्य आणि बैलजोडी छापून परत येत नाही.

आता तिसऱ्या हंगामाचा हिशेब मांडू. मिलने 1,500 क्विंटल तूर घेतली, तिची 1,02,000 किलो डाळ झाली. त्यातली 60,000 किलो निविदेत आणि ठोकमध्ये सरासरी 98 ने गेली. किलोमागे पाच रुपये वीस पैसे तोटा, म्हणजे 3 लाख 12 हजार. दुकानांत 25,000 किलो 106 ने गेली. पोते आणि गाडीभाडे वजा जाता हाती शून्य. थेट गिऱ्हाइकांना 17,000 किलो 135 ने गेली. पाकीट, वाहतूक, महोत्सवाचे भाडे, परत आलेला माल यांचे किलोमागे 18 रुपये काढले तरी सुमारे 2 लाख 35 हजार सुटले. मजुरीची भरडाई 400 क्विंटल, क्विंटलला 700 रुपये दराने, 500 रुपये खर्च जाता तिच्यातून 80 हजार. सगळे मिळून जमाखर्च जवळपास बरोबरीत.

ताळेबंद इथेच थांबला असता तर संचालक म्हणाले असते की शेतकऱ्याला जादा भाव मिळाला, मिल चालली, ठीक आहे. पण तूर तीन महिन्यांत रोखीने घ्यावी लागते आणि डाळ वर्षभर विकते. सरासरी 40 लाख रुपये मालात अडकले, 12 टक्क्यांनी त्यांचे व्याज 4 लाख 80 हजार. वसतिगृहाचे बिल सहा महिने रखडले ते वेगळे. उलाढाल 1 कोटी 11 लाखांची आणि तोटा पावणेपाच लाखांचा. हरभरा-बेसन-हळदीचा हिशेब मी इथे धरलेला नाही, त्याने चित्र सुधारत नाही.

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. 106 हा भाव 95 आणि 135 च्या मधला आहे म्हणून मिल अडकली, असे नाही. मधल्या भावाने विकून उत्तम चालणारे धंदे आहेत. अडकणे भावात नसते, कामाच्या पद्धतीत असते. ठोकच्या गिऱ्हाइकाला मोठे, एकत्र केलेले ढीग आणि स्वस्तात स्वस्त तूर लागते. भरडाईच्या आणि पाकिटाच्या गिऱ्हाइकाला लहान, वेगळे ठेवलेले ढीग लागतात. एकाच ओट्यावर, त्याच मजुरांकडून, त्याच तीन महिन्यांत दोन्ही करायला गेलो की मिसळीमुळे एक गिऱ्हाईक जाते आणि वेगळे ठेवण्याच्या खर्चामुळे दुसऱ्याला भाव परवडत नाही.

त्याच मोजमापाने उपायही शोधता येतो. भरडाई आणि पाकीट ही दोन वेगळी गिऱ्हाइके दिसतात, पण दोघांनाही कामाची एकच शिस्त हवी आहे: ढीग मिसळू न देणे. म्हणून ही दोन एकत्र राहू शकतात, त्यांच्यासोबत निविदा राहू शकत नाही. संचालकांपुढे ठेवलेला प्रस्ताव असा होता. स्वतःची खरेदी 300 क्विंटलवर आणायची, तीही ठरवून एकच वाण पेरणाऱ्या सभासदांकडून. बाजार समितीतून एक पोतेही घ्यायचे नाही. निविदा, किराणा दुकाने, हरभरा, बेसन, हळद बंद. पॉलिशर विकायचा. ओट्याचे विटांच्या ओळींनी खण पाडायचे, प्रत्येक खणात एकाच सभासदाचा माल आणि त्याच्या नावाची पाटी. मोकळी झालेली जागा भरडाईला देऊन ती 1,000 क्विंटलपर्यंत न्यायची.

याचा हिशेबही सोयीचे आकडे सोडून केला पाहिजे. यंत्राचा हप्ता, व्यवस्थापकाचा पगार, विजेचा स्थिर आकार असा 3 लाख 80 हजारांचा खर्च मिल चालो न चालो होतोच. तो आधी 1,900 क्विंटलवर पसरायचा, आता 1,300 वर. म्हणून क्विंटलमागे 500 ऐवजी 590 रुपये लागतात आणि पाकिटातली डाळ 104 रुपये 60 पैशांना पडते. तरीही 20,400 किलो डाळ 135 ने विकून, 18 रुपये खर्च जाता, अडीच लाख सुटतात. भरडाईतून 1 लाख 10 हजार. व्याज आता सव्वा लाखाच्या आसपास, कारण अडकणारा पैसाच एक चतुर्थांश. वर्षाला सुमारे 2 लाख 35 हजार उरतात. उलाढाल मात्र 1 कोटी 11 लाखांवरून 35 लाखांच्या खाली येते.

बैठकीत सगळे अडले ते या शेवटच्या आकड्यावर. उलाढाल घटली की बँक कर्जमर्यादा कमी करते. वार्षिक सभेत ‘कंपनी लहान झाली’ असे ऐकावे लागते. आणि ज्या सभासदांची तूर आता घेतली जाणार नाही त्यांना काय सांगायचे? माझ्या मते हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, कारण शेतकऱ्याची कंपनी शेतकऱ्यालाच परत पाठवते आहे. त्यावर मार्ग असा निघाला की उरलेली तूर मिलने दळायचीच नाही. ती चाळून, एकत्र करून, थेट अकोल्याच्या मिलला तूर म्हणूनच विकायची आणि सभासदाकडून थोडी हमाली-वाहतूक घ्यायची. ज्या मिलचा उतारा 74 चा आहे तिलाच ठोकची डाळ करू द्यावी. 68 च्या उताऱ्यावर ती आपण करणे म्हणजे सभासदाच्या प्रत्येक क्विंटलमागे सहा किलो डाळ चुनीच्या भावाने विकणे.

उतारा मात्र इथेही दुर्लक्षून चालणार नाही. वेगळेपणाने भाव मिळतो म्हणून गलथान काम खपते, असे समजणारे पुढच्या खड्ड्यात जातात. वाळवणी नीट केली, एका वाणाच्या दाण्याला साजेसे रोलरचे अंतर ठेवले, तर 68 चा उतारा 71-72 वर येऊ शकतो, आणि त्यासाठी ढीग मिसळावे लागत नाहीत. उलट एकाच वाणाचा सारखा दाणा असला की अंतर लावणे सोपे जाते. खर्च आणि वेगळेपण यांचे नेहमीच वैर असते, हे पोर्टरच्या मांडणीवरून काढलेले अनुमान पुढे अनेक अभ्यासकांनी खोडले, आणि डाळ मिलमध्येही ते तसे नसते. जिथे एकच काम दोन्हीला मदत करते तिथे दोन्ही घ्यावे. जिथे एकाच ओट्यासाठी भांडण आहे तिथे निवड करावीच लागते.

या वाटेलाही धोके आहेत. मिनी डाळ मिलचे यंत्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केले आहे आणि ते बचतगटांच्या आवाक्यात आहे. उद्या तीन गावांत तीन बसल्या तर 1,000 क्विंटलची भरडाई वाटली जाईल. मोठी मिलही पाकिटावर ‘पॉलिश न केलेली’ असे छापू शकते, त्यात अवघड काही नाही. तिला न जमणारी गोष्ट एकच: हे पोते अमक्या गावच्या अमक्या वाणाचे आहे आणि त्यात दुसरे काही नाही, असे ढीग दाखवून सांगणे. म्हणून पाकिटावर सभासदाचे गाव, वाण आणि भरडण्याची तारीख छापायची ठरले. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे. आपल्या तुरीला तसे कवच नाही, तोवर ही नोंदवहीच कवच.

प्रस्ताव दोन हंगामांसाठी मंजूर झाला. निविदेचे उरलेले दोन पुरवठे करारानुसार पूर्ण करायचे आहेत, पण त्यांचा माल ओट्यावर न आणता अकोल्याहून तयार डाळ घेऊन द्यायचा. त्यात किलोमागे आताच्यापेक्षा कमीच तोटा आहे. दर महिन्याला संचालकांपुढे तीन आकडे येतील: भरडाईला परत आलेले सभासद किती, पाकीट दुसऱ्यांदा मागवणारी घरे किती, आणि उतारा किती. भरडाई दुसऱ्या हंगामाअखेर 700 क्विंटलच्या खाली राहिली तर तिच्यातून जवळपास काहीच सुटणार नाही. अशा वेळी यंत्र भाड्याने बचतगटाला द्यायचे आणि कंपनीने तूर एकत्र करून विकण्याचेच काम ठेवायचे, हेही त्याच ठरावात लिहून ठेवले आहे.